टीबीच्या खोलीच्या दारावर काय लिहायचं आणि स्टाफला काय सांगायचं

प्रश्न: मी इंदूरला एका ४० बेडच्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये वॉर्ड इन्चार्ज आहे. छातीच्या टीबीचा पेशंट भर्ती आहे, थुंकी पॉझिटिव्ह. निगेटिव्ह प्रेशर रूम आमच्याकडे नाही. डॉक्टर म्हणाले, आयसोलेशनचा बोर्ड लावा आणि स्टाफला सूचना लिहून द्या. बोर्डवर नेमकं काय लिहू? सूचना कोणत्या भाषेत?

ताई, मी इंदूरचीच, रामबागेत राहते, २२ वर्षं वॉर्डात काढली आणि त्यातली शेवटची ९ इन्फेक्शन कंट्रोलचं काम केलं. बोर्डचा मजकूर देतेच, पण आधी एक सांगते की बोर्ड हा प्रकार शेवटी येतो. दाराच्या आतली हवा कुठे जाते हे ठरल्याशिवाय बोर्डवर काहीही लिहिलं तरी ते खोटंच ठरतं, कारण बोर्ड म्हणतो की धोका या दाराच्या आत आहे आणि प्रत्यक्षात तो फटीतून तुमच्या नर्सिंग स्टेशनवर येऊन बसलेला असतो.

हे मला कसं कळलं ते सांगते. जानेवारीतली गोष्ट, धारकडचा एक ५२ वर्षांचा पेशंट न्यूमोनिया म्हणून सेमी-प्रायव्हेटमध्ये भर्ती झाला, बाजूच्या बेडवर डायबिटीसचे एक आजोबा. तिसऱ्या दिवशी सीबीनॅटचा रिपोर्ट आला, टीबी निघाला, आणि तासाभरात त्याला कॉरिडॉरच्या टोकाच्या ९ नंबरमध्ये हलवला. ऑफिसातून छान लॅमिनेट केलेला बोर्ड आला, वर मोठ्या इंग्रजी अक्षरात एअरबोर्न प्रिकॉशन्स आणि खाली बारीक अक्षरात ११ ओळी. मी खूश, फोटोबिटो काढला. चौथ्या दिवशी राउंडला गेले तर दार विटेने अडकवून सताड उघडं कारण सिस्टरला पेशंटची हाक ऐकू यायला पाहिजे, खिडकी बंद कारण थंडी, आणि ए.सी. चालू! मी आया बाईला विचारलं, ए.सी. कोणी लावला, तर ती म्हणाली, "दीदी, बोर्ड पे एअर लिखा है ना, हमने सोचा एसी चालू रखना है." हसायला आलं पण चूक तिची नव्हती. तिला जी भाषा येत नाही त्या भाषेत आम्ही तिला हुकूम दिला होता.

बरं, ए.सी. चालू असण्यात एवढं काय बिघडलं ते समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या सूचना यावरच उभ्या आहेत. टीबीचा पेशंट खोकला की जे बारीक कण उडतात ते सुकून इतके हलके होतात की खाली पडतच नाहीत, तासनतास हवेत तरंगत राहतात. साधा स्प्लिट ए.सी. बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. म्हणजे बंद खोलीत तेच कण दिवसभर तिथेच, आणि दार उघडलं की कॉरिडॉरमध्ये. म्हणून या आजारात दोनच गोष्टींनी खरा फरक पडतो. खोलीतली हवा सारखी बाहेर निघून नवीन आली पाहिजे, आणि ती बाहेर म्हणजे आकाशाकडे निघाली पाहिजे, कॉरिडॉरकडे नाही. फिनाइलने फरशी तीनदा पुसणं, पेशंटचं ताट-वाटी वेगळी ठेवणं, चादर उकळणं, हे आपल्याकडे फार मन लावून करतात, पण टीबी ताटातून पसरत नाही. तेवढा वेळ खिडकीवर घातला तर कामाला येईल.

आता तुमच्याकडे निगेटिव्ह प्रेशर नाही म्हणता, तर एक अगरबत्ती घ्या. चेष्टा नाही करत. खोलीचं दार लावा, बाहेर कॉरिडॉरमध्ये खाली बसा आणि दाराखालच्या फटीजवळ अगरबत्ती धरा. धूर फटीतून आत ओढला गेला तर हवा बरोबर वाहतेय. धूर तुमच्या तोंडाकडे आला तर खोलीतली हवा वॉर्डात येतेय. आमच्या ९ नंबरला धूर सरळ बाहेर आला, कारण खिडकी पश्चिमेला, वारा सुटला की खिडकीतून आत आणि दारातून कॉरिडॉरला. नुसती खिडकी उघडा म्हणणारे हे विसरतात, खिडकी उघडी असली तरी वाऱ्याची दिशा उलटी असेल तर तुम्ही पेशंटची हवा स्वतःच वॉर्डात ढकलताय. आणि एकदा करून थांबू नका, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा करा, वारा बदलतो.

यावर उपाय म्हणजे दाराच्या समोरच्या भिंतीला, शक्यतो पेशंटच्या डोक्याच्या बाजूला, एक्झॉस्ट फॅन. हवा दाराखालून आत येईल, सिस्टर उभी राहते तिथून पेशंटकडे जाईल, आणि फॅनमधून बाहेर. किती मोठा फॅन, हा हिशोब सोपा आहे. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट हवा. अशा खोलीत तासाला १२ वेळा हवा बदलावी असं नव्या आयसोलेशन खोल्यांसाठी धरतात, म्हणजे तासाला १४,४०० घनफूट, मिनिटाला २४०. फॅनच्या डब्यावर जो आकडा छापलेला असतो तो मोकळ्या हवेतला असतो, जाळी-झडप लागल्यावर तेवढा मिळत नाही, म्हणून मी निम्माच धरते आणि मिनिटाला ५०० घनफूटच्या आसपास लिहिलेला फॅन मागवते. फॅनचं तोंड कुठे उघडतं ते मात्र गच्चीवर किंवा खाली जाऊन डोळ्यांनी बघा. आमचा पहिला फॅन ज्या डक्टमध्ये उघडत होता, त्याच डक्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडक्या होत्या. काढून दुसऱ्या भिंतीला लावावा लागला. फॅन बसेपर्यंत मग काय करायचं, तर जिच्या खिडकीतून वारा आत न येता हवा बाहेर जाते अशी, कॉरिडॉरच्या टोकाची खोली निवडा, खिडकी उघडी, दार बंद, ए.सी. बंद, छताचा पंखा खिडकी उघडी असेल तरच. थंडीसाठी पेशंटला दोन ब्लँकेट जास्त द्या आणि खिडकीची कडी काढून टाका, नाहीतर रात्री २ वाजता अटेंडंट ती बंद करणारच, मी असते तर मीही केली असती.

आता बोर्ड. आजाराचं नाव बोर्डवर लिहायचं नाही. टीबी हा शब्द दारावर लागला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळतं आणि त्या माणसाच्या मुलीचं लग्न अडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तसंही दारात उभ्या माणसाला आजाराचं नाव कळून उपयोग नाही, त्याला पुढच्या अर्ध्या मिनिटात काय करायचं ते कळलं पाहिजे. आम्ही शेवटी जो बोर्ड केला तो हिंदीत, चारच ओळींचा होता:

रुकिए। पहले सिस्टर से पूछिए।
एन-९५ मास्क यहीं बाहर पहनिए।
दरवाज़ा अपने पीछे बंद कीजिए।
मास्क बाहर आकर, दरवाज़ा बंद करके ही उतारिए।

प्रत्येक ओळीशेजारी चित्र, हाताचा पंजा, मास्क, बंद दार. झाबुआ-अलिराजपूरकडून येणाऱ्या कितीतरी नातेवाइकांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी चित्र हाच बोर्ड. ओळींचा क्रम दाराशी घडणाऱ्या क्रमानेच ठेवा, हा क्रम बदलू नका. आमच्या जुन्या बोर्डवर हात धुणं पहिल्या नंबरला, मास्क पाचव्याला, आणि दार बंद करा नवव्याला होतं, म्हणजे जे सगळ्यात महत्त्वाचं ते कोणी वाचतच नव्हतं. बोर्ड दारावर हँडलच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, दार बंद असताना दिसेल असा लावा. दाराच्या बाजूच्या भिंतीवर लावलेला बोर्ड कोणी बघत नाही, माणसाची नजर हँडलवर जाते.

बोर्डाखाली एक टेबल, टेबलावर मास्कचा डबा आणि हात चोळायचं सॅनिटायझर, आणि टेबल खोलीच्या बाहेरच. एका ठिकाणी मला मास्क खोलीच्या आत, पेशंटच्या कपाटावर ठेवलेले दिसले होते! म्हणजे मास्क घ्यायला आधी बिनमास्कचं आत जायचं. आणि उलटंही होतं, बाहेर येताना लोक आतच मास्क काढतात कारण डस्टबिन आत आहे, मग दार उघडेपर्यंत दोन-चार श्वास उघडे घेतात. डस्टबिन कुठे ठेवली यावर मास्क कुठे निघतो ते ठरतं, म्हणून मास्कची पिवळी पिशवीही बाहेर. ग्लव्हज-गाउन वापरले असतील तर ते आत, दाराजवळ काढायचे, मास्क मात्र बाहेर. तसे टीबीत प्रत्येक वेळी गाउन-ग्लव्हज लागतही नाहीत, रक्त किंवा थुंकीला हात लागणार असेल तेव्हाच.

मास्कचं एक नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. साधा सर्जिकल मास्क पेशंटला, एन-९५ स्टाफला. सर्जिकल मास्क तोंडातून बाहेर उडणारं अडवतो, पण त्याच्या कडा उघड्या असतात, त्यातून श्वासाबरोबर बाहेरची हवा सरळ आत येते. एन-९५ कडेने घट्ट बसतो म्हणूनच कामाचा, तसा बसला नाही तर तो फक्त महागडा सर्जिकल मास्क. म्हणून घातल्यावर दर वेळी दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, कडेने हवा डोळ्यांवर येते का बघा, मग आत ओढा, मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे. दाढी असलेल्या वॉर्डबॉयला तो बसत नाही, त्याची ड्यूटी या खोलीत लावू नका किंवा दाढी काढायला सांगा, यात लाजायचं काही नाही. वाल्व्ह असलेला एन-९५ पेशंटला कधीही देऊ नका, त्यातून त्याचा श्वास गाळल्याशिवाय बाहेर पडतो. आणि धाप लागलेल्या पेशंटला साधाही एन-९५ घालू नका, जीव घाबरा होतो. ऑक्सिजनच्या नळ्या नाकात असतील तर सर्जिकल मास्क त्यांच्यावरून बसतो.

मास्क रोज नवा द्यायला मॅनेजमेंट तयार होत नाही हे मला माहीत आहे. टीबीसाठी एकाच माणसाने स्वतःचा एन-९५ पुन्हा वापरणं चालतं, पण नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत ठेवून. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुकत नाही. ओला झाला, दबला, रबर सैल झालं किंवा ती श्वासाची परीक्षा नापास झाली की टाकून द्यायचा, मग दोन दिवस झाले असोत की दोन तास. कांजण्यांच्या पेशंटला मात्र हे नाही, तिथे स्पर्शानेही पसरतं.

आता स्टाफच्या सूचना. अक्खी एकच लिस्ट सगळ्यांना वाटू नका. वॉर्डात प्रत्येक माणसाला स्वतःच्या कामाचं एक छोटा कागद द्या आणि तोंडी समजावून त्याच्याकडून परत वदवून घ्या. आया बाईला फक्त एवढंच, ही खोली शेवटी साफ करायची, मास्क बाहेर घालायचा, खिडकी उघडी राहिली पाहिजे, दार बंद राहिलं पाहिजे. तिला कणांचं शास्त्र नको. सिस्टरला जास्त लागेल. कामं एकत्र करून एकदा आत जा, म्हणजे ब्लडप्रेशर, इंजेक्शन, गोळ्या सगळं एका फेरीत, दर दहा मिनिटांनी दार उघडायचं नाही. हाक ऐकू यायला दार उघडं ठेवण्याऐवजी बेल द्या, बेल नसेल तर पेशंटचा मोबाइल आणि नर्सिंग स्टेशनचा नंबर. आम्ही ती वीट त्याच दिवशी उचलून खाली टाकली. नेब्युलायझर शक्यतो नकोच, डॉक्टरांना विचारून स्पेसर लावलेला इनहेलर द्या, नेब्युलायझेशनने खोकला सुटतो आणि खोली भरते. द्यावंच लागलं तर लावून बाहेर या, पेशंटकडे दाराच्या काचेतून लक्ष ठेवा. थुंकीचा नमुना बाथरूममध्ये घ्यायला लावू नका, ती जागा सगळ्यात कोंदट. गच्चीवर किंवा उघड्या अंगणात, बाकीच्यांपासून लांब, एकट्याने.

एक्स-रे वाल्याला आधी फोन करा. पेशंट सर्जिकल मास्क घालून जाईल, बाकावर बसवून ठेवायचं नाही, सरळ आत, जमलं तर दिवसाच्या शेवटच्या नंबरला. आमचे टेक्निशियन भाऊ आधी फार चिडले, मग त्यांना त्यांच्या बंद डार्करूमचं उदाहरण दिलं की हवा जात नाही म्हणून तुम्हालाच जास्त जपायचंय, तेव्हापासून तेच आधी विचारतात, "मास्क लावून पाठवताय ना?"

अटेंडंट एकच ठेवा आणि तोच ठेवा. रोज नवा माणूस म्हणजे रोज नवा धोका, आणि पोहे-जिलेबी घेऊन भेटायला येणारे आठ जण तर अजिबात नकोत. लहान मुलं नाहीत. अटेंडंटलाही एन-९५ घालून, श्वासाची परीक्षा शिकवून मगच आत सोडा. गमछा तोंडाला बांधून बसलेला भाऊ रोज दिसेल, त्याला गोड बोलून मास्क द्या. आणि लक्षात ठेवा, घरात पेशंटबरोबर महिनाभर राहिलेली बायको आधीच त्या हवेत होती, तिची आणि घरातल्यांची तपासणी डॉक्टरांना आठवण करून द्या. टीबीची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून प्रायव्हेटलाही बंधनकारक आहे, ते काम बोर्ड लावताना विसरलं जातं.

ते डायबिटीसचे आजोबा आठवतात का? त्यांच्या बाजूच्या बेडवर तीन दिवस खोकणारा माणूस होता. म्हणून आयसोलेशन सुरू झालं त्याच दिवशी मागच्या तीन दिवसांची यादी काढा, कोण त्या खोलीत झोपलं, कोणी नेब्युलायझेशन दिलं, कोण गरोदर आहे, कोण स्टेरॉइडवर आहे. ही यादी आठवडाभराने काढायला गेलात तर ड्यूटी चार्टही सापडत नाही. आजोबांच्या बाबतीत आम्ही उशीर केला, त्यांचा फोन नंबर चुकीचा लिहिलेला निघाला, शोधायला बराच वेळ लागला. सुदैवाने त्यांना काही झालं नाही, पण त्यात आमचं कर्तृत्व शून्य.

पेशंट खोलीतून गेल्यावर लगेच दुसरा घालू नका. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर ९९ टक्के कण जायला साधारण २३ मिनिटं लागतात, ९९.९ टक्के जायला ३५. ६ वेळाच बदलत असेल तर ४६ आणि ६९ मिनिटं. तुम्हाला तुमचा खरा आकडा माहीत नाही, मलाही माझा नव्हता, म्हणून आम्ही फॅनच्या खोलीसाठी एक तास धरला आणि नुसत्या खिडकीच्या खोलीसाठी दोन तास. हे थांबणं पण दारावर लिहा. बोर्डाखाली एक पांढरी पट्टी ठेवा, त्यावर मार्करने, खाली किया: ११.२०, अंदर मत जाइए: १.२० तक. आया बाईला त्याआधी जावंच लागलं तर मास्क घालून.

राहिलं बोर्ड कधी काढायचा. हे परिस्थितीवर आहे आणि निर्णय डॉक्टरांचा. हॉस्पिटलात साधारण धरतात की औषधं सुरू होऊन निदान दोन आठवडे झाले, ताप-खोकला उतरतोय, आणि थुंकीचे लागोपाठ तीन स्मिअर निगेटिव्ह आले. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर हा हिशोब लागू नाही. या कामासाठी सीबीनॅट पुन्हा करू नका, मेलेल्या जंतूंचा अंशही त्यात पॉझिटिव्ह येतो आणि बिचाऱ्याला विनाकारण अडकवून ठेवाल. बऱ्याचदा पेशंट त्याआधीच घरी जाण्याइतका बरा असतो, तेव्हा त्याला घरी पाठवायचं की नाही हेही डॉक्टरांना विचारा, फक्त बोर्डासाठी भर्ती ठेवू नका.

आमचा तो पेशंट खोली सोडून गेला आणि बोर्ड ११ दिवस तसाच लटकत होता. आत हर्नियाचे एक काका झोपले होते, नातेवाईक येऊन-जाऊन, सिस्टर बिनमास्कच्या, सगळे त्या बोर्डाच्या खालून. पुढच्या वेळी खरा पेशंट आला तेव्हा कोणी बोर्डाकडे बघेना. तेव्हापासून बोर्डच्या कोपऱ्यात तीन रेघा ठेवल्या, लावला तारीख, लावणाऱ्याचं नाव, काढला तारीख, आणि लावणारीनेच काढायचा. पेशंट निघाल्यावर बोर्ड सॅनिटायझरने पुसून नर्सिंग स्टेशनच्या ड्रॉवरमध्ये, दारावर फक्त चिकटपट्टीचे डाग.